उंट ओरडतो तेव्हा आणि गप्प होतो तेव्हा

दिवाळी सरून कापसाची वेचणी उरकत आली की वरणगाव-भुसावळच्या शिवारात कच्छ-काठेवाडकडचे मेंढपाळ दिसू लागतात. मेंढ्यांचा मोठा कळप, दोन-चार कुत्री आणि सगळा संसार पाठीवर घेऊन चालणारे उंट. ज्याचे वावर रिकामे झाले तो शेतकरी त्यात मेंढ्या बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात आणि काही दिवसांनी डेरा पुढच्या शिवारात हलतो. डेरा उठायच्या सकाळी मात्र उंट असा आकांत मांडतात की रस्त्याने जाणारा माणूस गाडी उभी करून बघत राहतो. बघणाऱ्यांचे मत एकच असते : उंट फार रागीट जनावर, जवळ गेलात तर थुंकेल नाही तर चावेल.

ही समजूत जवळजवळ उलटी आहे. उंट ओरडतो तेव्हा सहसा तो कुणावर हल्ला करणार नसतो. थुंकतो तेव्हाही तो बहुधा स्वतःला वाचवत असतो. ज्या उंटापासून खरोखर जिवाला धोका असतो, तो त्या क्षणी पुष्कळदा आवाजच करत नाही. हे ओळखायला खानदेशी माणसाला बिकानेरला जायची गरज नाही, डेरा उठताना अर्धा तास बांधावर उभे राहिले तरी पुरते.

ओझे लादायची सुरुवात उंटाला खाली बसवण्यापासून होते. माणूस नकेलीची दोरी हलकेच खाली ओढतो आणि तोंडाने ‘झे-झे’ असा आवाज काढतो. उंट आधी पुढचे गुडघे टेकतो, मग मागचे पाय दुमडतो आणि शेवटी छातीखालच्या जाड घट्ट्यावर भार टाकून स्थिर होतो. आपण ऐकतो ती बोंब सुरू होते ती नेमकी दोरी खाली ओढल्यावर. अजून पाठीवर पालाण नाही, खाट नाही, गोधड्या नाहीत. तरी उंट तोंड वासून, मान मागे वळवून, घशातून खोल घोगरा आवाज काढत राहतो. पालाण चढले की आवाज वाढतो. उलटी खाट बांधली, तिच्यात भांडी, गोधड्या आणि चालता न येणारी दोन-तीन कोकरे बसवली, तरी बोंब चालूच. मग उंट आधी मागच्या पायांवर आणि मग पुढच्या पायांवर उठतो, दहा पावले टाकतो आणि एकदम शांत होतो. पाठीवर सगळे ओझे तसेच असते.

यावरून एवढे तरी कळते की ती बोंब ओझ्याच्या वजनाची नाही. वजन सलत असते तर चालताना आवाज वाढला असता. ही बोंब पुढे काय होणार आहे ते ओळखून केलेल्या निषेधाची आहे. उंट उंच, लांब पायांचा, उघड्या माळावरचा प्राणी आहे. संकट आले की पळणे आणि लाथ मारणे हे त्याचे दोन बचाव. खाली बसवले की दोन्ही हातचे जातात, आणि नेमक्या त्याच वेळी चार माणसे भोवती येऊन दोऱ्या आवळू लागतात. कोवळ्या उंटाला पहिल्यांदा बसायला शिकवतात तेव्हा तो खरोखर घाबरून ओरडतो. पुढे भीती ओसरते, पण बसणे आणि ओरडणे यांची सांगड तशीच राहते. त्यामुळे वर्षानुवर्षे ओझे वाहिलेला, लहान मुलाच्या हातूनही दोरी धरवून घेणारा उंटसुद्धा रोज सकाळी तेवढ्याच जोमाने ओरडतो.

जाणत्या माणसाचे लक्ष म्हणूनच आवाजाकडे कमी आणि आवाज कधी थांबतो याकडे जास्त असते. नेहमी चालायला लागल्यावर गप्प होणारा उंट एखाद्या दिवशी चालतानाही कण्हत राहिला, पुन्हा पुन्हा मान वळवून एकाच कुशीकडे तोंड नेऊ लागला, किंवा उठायलाच तयार झाला नाही, तर काहीतरी खरेच दुखते आहे. बहुतेक वेळा पालाणाखाली कातडे सोललेले असते, किंवा ओझे एका बाजूला कललेले असते. अशा वेळी काठीने उठवायचे नसते, ओझे उतरवून पाठ चाचपून बघायची असते. त्याच्या कण्हण्याला रागाचे नाव दिले की जखम चिघळते आणि मग त्या पाठीवर कित्येक दिवस काहीच ठेवता येत नाही.

डेऱ्यात आणखी एक आवाज कानावर पडतो. तो हळू, बंद तोंडाने काढलेला हुंकार असतो. सांडणी आपल्या पिल्लाला अशी बोलावते आणि पिल्लूही तिला अशाच आवाजात उत्तर देते. (पेशव्यांच्या पत्रांतून ज्या सांडणीस्वारांची नावे येतात, त्यांची सांडणी म्हणजे ही उंटीणच, फक्त वेगाने धावायला तयार केलेली.) पिल्लू नजरेआड झाले तर हा हुंकार चढत चढत मोठ्या आर्त हाकेत बदलतो. ही हाक ऐकून पिल्लाजवळ जाऊ नये. त्या हाकेतही राग नसतो, पण आई आणि पिल्लू यांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला ढकलून देताना ती मागचा-पुढचा विचार करणार नाही.

आता थुंकण्याकडे वळू. उंट तोंडातली लाळ उडवतो असे आपण समजतो. त्या शिंतोड्यात लाळ असतेच, पण मुख्य माल पोटातून आलेला असतो. उंट रवंथ करणारा प्राणी आहे. गाई-म्हशींचे पोट चार कप्प्यांचे, उंटाचे तीन कप्प्यांचे. पहिल्या मोठ्या कप्प्यात बाभळीचा, बोरीचा, निंबाचा पाला सूक्ष्म जीवांच्या मदतीने आंबत असतो आणि त्यातून आंबट, उग्र वासाची आम्ले तयार होतात. हा पाला घासाघासाने पुन्हा तोंडात आणायची सोय निसर्गाने रवंथासाठी करूनच ठेवली आहे. शांत बसलेल्या उंटाच्या मानेकडे टक लावून पाहिले तर एक लहान उंचवटा त्या लांब मानेतून खालून वर सरकत येताना स्पष्ट दिसतो. तोंडात पोचला की जबडा आडवा चालू लागतो. जरा वेळाने तोच घास गिळला जातो आणि उंचवटा वरून खाली जातो. कुणी तरी गळ्यातल्या वाटेवर बोट फिरवत आहे इतके ते उघड दिसते. मला तरी उंटात याहून नवलाची गोष्ट फार थोडी वाटते.

थुंकताना उंट हीच वाट वापरतो, फक्त घाईने. त्याला कोंडले, त्याचे तोंड जबरदस्तीने धरले, औषध पाजायला नळकांडे तोंडात घातले किंवा पोरांनी काठ्या-दगडांनी सतावले की पोटातला हिरवट रस एकदम वर येतो. गाल फुगतात, खालचा सैल ओठ लोंबतो आणि डोके झटकून उंट तो रस समोर उडवतो. त्यात विष नसते, त्याने भाजत नाही. साबण-पाण्याने धुतले की झाले, डोळ्यात गेले तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. वास मात्र कपड्याला चांगलाच धरून बसतो, आणि तेच त्या अस्त्राचे काम आहे. समोरचा दचकून मागे सरावा, आपल्याला सुटायला जागा मिळावी, एवढाच हेतू. दक्षिण अमेरिकेतले उंटाचे भाऊबंद, म्हणजे लामा आणि अल्पाका, चाऱ्यावरून एकमेकांवरही सर्रास थुंकतात. आपल्याकडचा एक मदारीचा उंट त्यांच्या मानाने पुष्कळ संयमी आहे. ओरडताना त्याच्या तोंडाभोवती हिरवा फेस दिसतो तोही बहुतेक वेळा कुणावर नेम धरून आलेला नसतो, बोंबलण्याच्या भरात घास वर आलेला असतो.

इथवरचा उंट घाबरलेला किंवा वैतागलेला आहे. खरा धोका वेगळ्या उंटाचा आहे, आणि तो खानदेशात नेमका हिवाळ्यात येतो.

पूर्ण वाढ झालेला नर हिवाळ्यात माजावर येतो. भारतात हा काळ साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंतचा, म्हणजे डेरे आपल्या शिवारात असतात तोच. या दिवसांत नराचे खाणे कमी होते, कुशी आत जातात, अंगावरचे मांस उतरते. डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाला दोन ग्रंथी असतात. त्यांतून काळपट, दर्पयुक्त द्रव पाझरू लागतो आणि मानेचे केस त्याने ओले दिसतात. नर ती मान झाडांच्या खोडांना घासत फिरतो. शेपटी मूत्राने भिजवून पाठीवर फटके मारतो. आणि मग तो चमत्कार करतो ज्याने पाहणाऱ्याची पाचावर धारण बसते : तोंडाच्या एका कोपऱ्यातून लालभडक, ओलसर, वीतभराहून लांब पिशवी बाहेर लोंबू लागते आणि सोबत पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा घुर्र-घुर्र आवाज येतो.

लोक म्हणतात, उंटाने जीभ बाहेर काढली. कुणी म्हणते आतडे आले. ते या दोन्हींपैकी काहीच नाही. तोंडाच्या छताचा मागचा भाग मऊ असतो, तो मृदू टाळू. एका मदारीच्या नर उंटाच्या या टाळूला एक सैल घडी असते. फुप्फुसातली हवा तिच्यात भरून तो ती फुगवतो आणि ओठांबाहेर लोंबू देतो. लाळेतून हवा जाते म्हणून तो बुडबुड्यांचा आवाज. काही क्षणांत हवा सुटते, पिशवी आत ओढली जाते आणि ओठांवर पांढरा फेस उरतो. दोन मदारींच्या उंटात ही पिशवी अशी बाहेर येत नाही, माद्यांत तर नाहीच.

हे सगळे नाटक माणसासाठी नसते. सांडणीला ‘मी आहे’ आणि दुसऱ्या नराला ‘तू लांब राहा’ असे ते सांगणे आहे. दोन नर समोरासमोर आले की आधी हेच चालते : अंग आडवे करून उंची दाखवणे, पिशवी फुगवणे, दात करकरा खाणे, शेपटीचे फटके. पुष्कळदा तेवढ्यावरच त्यातला एक बाजूला होतो आणि कुणाच्या अंगाला ओरखडाही येत नाही. दाखवून भागते तिथे लढायची गरज पडत नाही.

पण माजाच्या दिवसांत दाखवणे आणि करणे यांच्यातले अंतर फार थोडे असते. एका डेऱ्यात निंबाला बांधलेला असा एक नर मी पाहिला. पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून दोरीने आवळलेला, तोंडाला जाळीचे मुसके. शेजारच्या बांधावर माद्या चरत होत्या आणि हा तासभर पिशवी काढून घुरघुरत होता. गावातली पोरे जमली होती. त्यातल्या एकाने डेऱ्यातल्या म्हातारीला विचारले, “आजी, त्याले राग आला का?” तिने मान हलवली, मोडक्या हिंदीत म्हणाली, “बोलता है, बोलने दो,” आणि ती भाकरी थापत राहिली. घुरघुर चढली, फेस उडाला, तिने वरही पाहिले नाही.

मग एक पोरगा मोबाइलवर फोटो काढायला नर आणि माद्या यांच्या मधून निघाला. नराने घुरघुर थांबवली. पिशवी आत गेली. कान मागे चिकटले, मान जमिनीला समांतर लांब झाली आणि डोके पोराच्या कमरेच्या उंचीवर येऊन स्थिर झाले. नजर त्याच्यावरून हलेना. आवाज काहीच नाही. तेवढ्यात म्हातारीने हातातले पीठ तसेच टाकून जी आरोळी ठोकली, तिने पोरगा जागीच थबकला. एक गडी धावत आला, त्याने पोराला दंडाला धरून नराच्या मागून नव्हे तर लांबून, बाजूने फिरवून आणले. दोरी आणि मुसके दोन्ही होते, तरीही.

तासभर घुरघुर ऐकत बसलेली बाई नर गप्प होताच उठली, याचे कारण उंटाच्या जबड्यात आहे. प्रौढ नराला खाली-वर मोठे सुळे असतात आणि वरच्या जबड्यात त्यांच्या शेजारी सुळ्यासारखे आणखीही दात असतात. सहा-सात वर्षांच्या नरात ते पुरते वाढलेले असतात, आणि माजही साधारण याच वयात पुरता येऊ लागतो. असा नर माणसाचा हात, दंड किंवा थेट डोके-मान पकडतो. पकडल्यावर लगेच सोडत नाही, उचलून झटकतो. बाहेरून कातडीला दोन-चार भोके दिसतात आणि आतले हाड चुरलेले असते. माणूस खाली पडला तर उंट त्याच्यावर गुडघे टेकून छातीच्या त्याच घट्ट्याने दाबतो. पाच-सहाशे किलोचे जनावर असे बसल्यावर काय होते ते सांगायला नको. दुसऱ्या नराशी निर्वाणीची झुंज झाली तरी तो हेच करतो : पाय किंवा मान पकडायची, पाडायचे, वर बसायचे. माणसासाठी त्याच्याकडे वेगळी पद्धत नाही.

म्हणून जुनेजाणते उंटवाले माजाच्या काळात काही गोष्टी कटाक्षाने पाळतात. नराच्या तोंडासमोरून जायचे नाही, खांद्याच्या बाजूने जायचे. तो आणि माद्या यांच्या मधली जागा कुणी घ्यायची नाही. त्याच्याजवळ खाली वाकून किंवा बसून काम करायचे नाही, कारण खाली असलेले डोके त्याच्या सुळ्यांच्या वाटेत येते. नेहमी दाणा-पाणी करणाऱ्या माणसानेच दोरी धरायची, आणि त्यानेही ‘माझा उंट मला काही करणार नाही’ या भरवशावर राहायचे नाही. चावा खाणाऱ्यांत मालक आणि राखणदार जास्त असतात, कारण तेच त्याच्या जवळ असतात. उंट डूख धरतो, मारणाऱ्याला महिन्यांनीही विसरत नाही, असे राजस्थानापासून अरबस्तानापर्यंत लोक मानतात. वर्षभर मार खाऊन गप्प राहिलेला उंट हिवाळ्यात एकाएकी उलटतो तेव्हा ही समजूत पक्की होते. त्या गोष्टीत डूख किती आणि माज किती हे वेगळे काढणे अवघड आहे, पण माज आला की आधी सोसलेले तो सोसत नाही एवढे मात्र खरे.

एक फरक मात्र चुकवून चालत नाही, कारण तिथे जीव जातो. माजातली लक्षणे आणि पिसाळलेल्या उंटाची लक्षणे पुष्कळशी सारखी दिसतात : लाळ गळणे, खाणे सुटणे, अस्वस्थपणा, अंगावर धावून चावणे. पिसाळलेले कुत्रे उंटालाही चावते आणि त्यालाही रेबीज होतो. सांडणी, लहान पिल्लू किंवा खच्ची केलेला नर असा वागू लागला, किंवा एखादा नर ऐन उन्हाळ्या-पावसाळ्यात फेसाळून चावत सुटला, तर त्याला माज म्हणता येत नाही. गिळता न येणे, मागचे पाय लटपटणे, दगड-लाकूड अशा कशालाही चावणे यांपैकी एखादी खूण दिसली तर त्याच्या तोंडात हात घालून ‘काही अडकले का’ बघायचे नाही, पशुवैद्याला बोलवायचे. आणि हिवाळ्यातल्या चाव्यालाही ‘माजाचा आहे’ म्हणून सोडायचे नाही. कुठल्याही उंटाचा चावा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठायचा आणि रेबीजच्या लशीबद्दल विचारायचे. जखम वरून छोटी दिसली तरी हाडाचा एक्स-रे काढून घ्यायचा, कारण उंटाचा चावा खोलवर जातो आणि आत पू धरतो.

जत्रेत किंवा गल्लीत लेकरांना फिरवायला आणलेल्या उंटालाही हेच डोळे लावावेत. मुले चढताना तो बोंबलला तर पोराला उतरवायची घाई नको. बसवल्यावर बोंबलणे त्याला आलेच. पण नर असेल आणि दिवस थंडीचे असतील तर आधी त्याच्या मानेचा मागचा भाग बघावा. तिथले केस काळपट ओले असतील, उग्र दर्प येत असेल, ओठांवर फेस असेल, तर तो कितीही शांत उभा असला तरी त्या दिवशी लेकराला वर बसवू नये, आणि उंटवाल्याला तसे स्पष्ट सांगावे. चांगला उंटवाला त्यावर वाद घालत नाही. त्याने स्वतःच त्या दिवसांत नराऐवजी सांडणी आणलेली असते.